न बनलेल्या मिक्सरचा फोटो

दुकानातून नवा मिक्सर आणला की आधी खोक्यावरचं चित्र दिसतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर चकचकीत यंत्र, शेजारी ओळीने मांडलेली तीन भांडी, पुढे गोल नॉब आणि मागून डौलदार वळण घेऊन आलेली वायर. आपण त्याला सहज फोटो म्हणतो. पण आज अशी बरीच चित्रं कॅमेऱ्याने काढलेली नसतात. ती संगणकावर घडवलेली असतात, आणि कित्येकदा ती घडवली जातात तेव्हा मिक्सर अजून बनलेलाच नसतो. प्लास्टिकच्या भागांचे साचे तयार होईपर्यंत खोक्याची छपाई उरकायची असते आणि जाहिरातही ठरलेली असते. मग जे अस्तित्वात नाही त्याचा फोटो काढायचा कसा? उत्तर आहे रेंडर.

दुसरंही एक व्यवहारी कारण आहे. स्टीलचं भांडं हा छायाचित्रकाराचा जुना वैरी. त्यात कॅमेरा दिसतो, दिवे दिसतात, फोटो काढणाराही दिसतो. शिवाय तोच मिक्सर लाल, काळा आणि निळा अशा तीन रंगांत विकायचा असला की तीन वेळा मांडामांड आली. संगणकावर रंग बदलला की बाकी सगळं जागच्या जागी राहतं. स्वीडनच्या ‘आयकिया’ कंपनीने २००६ साली आपल्या कॅटलॉगात एका साध्या लाकडी खुर्चीचं संगणकावर बनवलेलं चित्र छापलं. पुढच्या आठ-नऊ वर्षांत त्यांच्या एकेकट्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चित्रं अशीच बनू लागली होती. बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

खुर्ची त्या मानाने सोपी. मिक्सर अवघड, कारण त्यात आरपार दिसणारं प्लास्टिक, आरशासारखं स्टील, धारदार पाती, आकडे छापलेला नॉब आणि लोळणारी वायर असं सगळं एकाच चित्रात येतं. त्यातून तो रोज हाताळला जातो. मिक्सर वापरणाऱ्या माणसाला त्यातली चूक बोट ठेवून सांगता आली नाही, तरी काहीतरी बिनसलंय हे लगेच जाणवतं. ही बिनसलेली जागा बहुधा एकाच कारणाने निर्माण होते: चित्र करणाऱ्याने वस्तू पाहिलेली असते, पण ती चालते कशी हे पाहिलेलं नसतं.

परदेशी साच्यातला मिक्सर

त्रिमितीय वस्तूंचे तयार नमुने इंटरनेटवर विकत मिळतात, काही फुकटही मिळतात. घाईत असलेला कलाकार तिथून एक उचलतो. अडचण अशी की तिथे बहुतेक वेळा पाश्चात्त्य घरांतलं यंत्र मिळतं: उंच काचेचं एकच भांडं, खाली ओळीने दाबायची बटणं. ते यंत्र सूप आणि फळांच्या रसासाठी घडलेलं आहे. आपल्याकडे सुक्या खोबऱ्याचं वाटण, हळकुंडं, भिजवलेली डाळ हे काम असतं. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरातला जर्मन मिक्सर अशाच कामाने जळाला. त्यातून त्यांनी भारतीय वाटणाला पुरेल असं यंत्र बनवलं आणि ‘सुमीत’ हे नाव घराघरांत गेलं. दणकट मोटर, कामाप्रमाणे बदलायची भांडी, प्रत्येक भांड्याला वेगळं पातं हे रूप आपल्या स्वयंपाकातून आलेलं आहे. म्हणून तयार नमुन्यावर रंग फासून भागत नाही. मोजमाप घेऊनच सुरुवात करावी लागते.

कारखान्याची अभियांत्रिकी फाइल मिळाली तर बरंच काम वाचतं. पण तीही अपुरी असते. त्या फाइलमध्ये आतला प्रत्येक स्क्रू असतो, मात्र वायर बहुधा नसते, कारण ती बाहेरून विकत घेतलेली असते आणि तिला ठरलेला आकार नसतो. नॉबभोवतीची छपाई नसते. स्टील घासलेलं आहे की पॉलिश केलेलं, हेही त्यातून कळत नाही. म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष जिथे जातं, तिथलंच काम उरलेलं असतं.

आपण इथे फाइल नाही असं धरू. समोर ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर आहे, हातात व्हर्नियर कॅलिपर आणि टेप आहे, आणि संगणकावर ‘ब्लेंडर’ हे २००२ पासून सर्वांना मोफत असलेलं सॉफ्टवेअर आहे.

भांडं: एक रेघ आणि तिची गिरकी

मिक्सरचं भांडं मूळात गोल असतं. त्यामुळे ते पूर्ण घडवावं लागत नाही. मधून उभं कापलं तर त्याची कड कशी दिसेल तेवढी एक रेघ काढायची आणि ती मधल्या अक्षाभोवती ३६० अंशांत फिरवायची. कुंभाराच्या चाकावर हात एका जागी असतो आणि माती फिरते, तसं. ब्लेंडरमध्ये या कामाला `Screw` नावाचं साधन आहे. कान, ओतायची चोच आणि आतल्या उभ्या पट्ट्या मागून जोडायच्या. या पट्ट्या विसरल्या जातात, पण त्यांना काम आहे. पात्याबरोबर पातळ पदार्थ नुसता गरगर फिरत राहू नये, भिंतीच्या पट्टीवर आपटून पुन्हा पात्याकडे यावा, यासाठी त्या असतात.

आपलं मोठं भांडं पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं, दीड लिटरचं आहे. मोजल्यावर आतला व्यास वर १३ सेंटिमीटर, तळाशी १०.५ सेंटिमीटर आणि उंची १७ सेंटिमीटर भरली असं समजा. कागदावर हिशेब केला तर काठोकाठ सुमारे १,८५० मिलिलिटर मावतं. दीड लिटरची पातळी तळापासून साधारण १४.३ सेंटिमीटरवर, म्हणजे काठाच्या पावणेतीन सेंटिमीटर खाली येते. उरलेली जागा उसळीसाठी. हा ताळा जमला म्हणजे मापं बरोबर घेतली. हिशेबात एक लिटरच आला किंवा दोन लिटर आले, तर कुठेतरी बाहेरचा व्यास आतला म्हणून धरला गेला आहे किंवा उंची मोजताना झाकणही मोजलं गेलं आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. भांडं वर रुंद होत जातं, त्यामुळे मापाच्या खुणा सारख्या अंतरावर असूच शकत नाहीत. आपल्या भांड्यात पहिल्या अर्ध्या लिटरला सुमारे ५.४ सेंटिमीटर उंची लागते, दुसऱ्याला ४.७ आणि तिसऱ्याला ४.२. वर जावं तशा खुणा जवळ येतात. चित्रात त्या समान अंतरावर दिसल्या तर त्या सजावट म्हणून काढलेल्या आहेत हे ओळखावं. ज्या बाईने दहा वर्षं ताक आणि मिल्कशेक या खुणांवर केलं आहे, तिच्या नजरेला अशी पट्टी रुचत नाही, तिने हिशेब केलेला नसला तरी.

पारदर्शक वस्तूची दुसरी अट म्हणजे जाडी. नुसता बाहेरचा पृष्ठभाग काढून त्याला ‘पारदर्शक’ म्हटलं तर संगणक आतली सगळी जागा भरीव प्लास्टिकची समजतो आणि भांडं काचेच्या ठोकळ्यासारखं दिसतं. आतली भिंत वेगळी आणि बाहेरची वेगळी हवी, मध्ये दोन-तीन मिलिमीटरचं अंतर हवं. प्रकाश अशा भिंतीत शिरताना आणि निघताना वाकतो. किती वाकतो ते `IOR` या आकड्याने सांगायचं. पॉलिकार्बोनेटला तो सुमारे १.५८ आहे, साध्या काचेला सुमारे १.५. पलीकडचं दिसायचं असेल तर प्रकाशाच्या एका किरणाला पुढच्या भिंतीचे दोन आणि मागच्या भिंतीचे दोन असे चार पृष्ठभाग ओलांडावे लागतात. मागे दुसरं पारदर्शक भांडं असेल तर आणखी चार. किरणाने किती पृष्ठभाग ओलांडायचे याची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते, आणि वेळ वाचवायला ती फार कमी ठेवली की भांड्यात काळे डाग दिसू लागतात. प्लास्टिक मळकट वाटलं तर रंग बदलत बसण्याआधी ही मर्यादा तपासावी.

पातं: आरशात नाही, फिरवून

तीन भांड्यांत तीन प्रकारची पाती असतात आणि प्रत्येकाच्या आकाराला कारण आहे. मोठ्या भांड्यात चार पंखांचं पातं: दोन पंख वर वळलेले, दोन खाली. पातळ पदार्थ वर-खाली ढवळला जावा म्हणून. सुक्या वाटणाच्या भांड्यात पातं चपटं आणि तळाच्या अगदी जवळ, कारण मिरपूड किंवा शेंगदाण्याचं कूट तळाशी बसतं आणि तिथूनच उचलावं लागतं. चटणीच्या भांड्यात जिन्नस मूठभर असतो, म्हणून पातं लहान आणि तेही तळालगत. चित्रात सुक्या भांड्यात चार पंखांचं उभारलेलं पातं दिसलं, तर कलाकाराने एकच पातं तिन्ही भांड्यांत चिकटवलं आहे.

यापेक्षा बारीक चूक धारेची असते. पात्याचा पंख दोन्ही बाजूंनी धारदार नसतो. ज्या दिशेने मोटर फिरते त्या दिशेची कड घासून धार केलेली असते, मागची कड बोथट राहते. आता कलाकाराची सवय अशी की वस्तू दोन्हीकडे सारखी दिसली की अर्धी घडवायची आणि उरलेली अर्धी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटवायची. ब्लेंडरमध्ये त्यासाठी `Mirror` आहे. खुर्चीला ते चालतं, पात्याला नाही. समजा पातं घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला फिरतं. उजव्या पंखाची धार त्या दिशेने पुढे आहे. तो पंख आरशात उलटवला तर डाव्या पंखाची धार मागच्या कडेला जाते. एक पंख कापतो, दुसरा नुसता ढकलतो. खऱ्या पात्यात डावा पंख म्हणजे उजवा पंखच असतो, १८० अंशांत फिरवलेला. म्हणून इथे प्रत फिरवून घ्यायची, उलटवून नाही. खात्री करायची तर वरून पाहायचं आणि एक-एक पंखावर बोट ठेवून विचारायचं की फिरताना आधी काय येईल, धार की पाठ? सगळ्या पंखांचं उत्तर सारखं यायला हवं.

धार कितीही तीक्ष्ण असली तरी संगणकातली शून्य जाडीची कड खरी वाटत नाही. खऱ्या धातूच्या कडेला अगदी सूक्ष्म गोलाई असते आणि त्या गोलाईवर प्रकाशाची बारीक रेघ चमकते. डोळा ‘धारदार’ म्हणतो तो त्या रेघेमुळे. म्हणून पात्याच्या कडेला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी आणि प्लास्टिकच्या भागांना अर्धा ते एक मिलिमीटर गोलाई द्यायची. या कामाच्या साधनाचं नाव `Bevel`. नवशिक्याच्या चित्रातला मिक्सर खेळण्यातला का वाटतो, याचं उत्तर निम्म्या वेळा या न दिलेल्या गोलाईत असतं.

पात्याच्या खालचंही विसरू नये. मध्ये पातं घट्ट बसवणारा नट असतो, त्याखाली बुश आणि गळू नये म्हणून रबरी वॉशर. भांड्याच्या तळाला बाहेरून दातेरी कपलर असतो, तो मोटरच्या कपलरमध्ये बसतो. पारदर्शक भांड्यात नट आणि बुश दोन्ही दिसतात. ते नसले तर पातं हवेत तरंगतं.

नॉब: कुठे थांबतो ते महत्त्वाचं

नॉब म्हणजे एक जाडसर चकती आणि तिच्यावर एक खूण, एवढंच असतं. घडवायला अर्धा तासही लागत नाही. पण नॉब हे यंत्राचं बोलणं आहे, आणि चुकीचं बोललेलं पटकन ऐकू येतं.

नेहमीच्या मिक्सरवर वर मध्यभागी ०, मग घड्याळाच्या दिशेने १, २, ३ आणि उलट बाजूला क्षणभर फिरवण्याची खूण असते. या उलट बाजूला आत स्प्रिंग असते. हात काढला की नॉब शून्यावर परत येतो. म्हणून कुणाचाही हात नसताना नॉब त्या खुणेवर थांबलेला दाखवणं म्हणजे न घडणारी गोष्ट दाखवणं. तसंच भांड्याला झाकण नाही, वायर जमिनीवर मोकळी पडली आहे आणि नॉब मात्र ३ वर, हेही हास्यास्पद. खोक्यावरच्या चित्रात नॉब शून्यावर असावा. आकड्यांमधलं कोनाचं अंतर खऱ्या मिक्सरवरून मोजून घ्यावं, अंदाजाने समान वाटण्या करू नयेत.

नॉब आणि पुढची पाटी यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते, नाहीतर तो फिरलाच नसता. चित्रात ती बारीक काळी रेघ म्हणून दिसते. ती नसेल तर नॉब पाटीवर चिकटवलेला वाटतो. हाच नियम भांडं आणि खालच्या यंत्रामधल्या सांध्याला आणि झाकणाच्या कडेलाही लागू आहे: जे वेगळं होतं त्याच्याभोवती फट दिसायला हवी. भांडं यंत्रावर ठेवून फिरवलं की ते ठरल्या जागी अडकतं, त्यामुळे कान कोणत्या दिशेला येईल हेही यंत्र ठरवतं. चित्र छान दिसावं म्हणून कान आणखी वीस अंश पुढे वळवला, तर ते भांडं प्रत्यक्षात लागलेलंच नाही.

वायर आणि तिची पिन

वायर सर्वांत शेवटी करतात आणि घाईत करतात. सॉफ्टवेअरमध्ये ती सोपी आहे: एक वळणदार रेघ काढायची आणि तिला जाडी द्यायची. तीन तारांच्या गोल वायरची जाडी साधारण सहा-सात मिलिमीटर असते. पण रेघेला वजन नसतं आणि वायरला असतं, इथे गडबड होते.

खरी वायर यंत्राच्या मागून, खालच्या बाजूने निघते. निघते तिथे तिच्यावर रबरी नळी असते, वारंवार वाकून तार तुटू नये म्हणून. तिथून ती थोड्याच अंतरात जमिनीला टेकते आणि मग संपूर्ण लांबीभर जमिनीवरच राहते. चित्रातली वायर मधेच हवेत उचललेली किंवा ओट्यात बुडालेली आढळते, कारण कलाकार वरून बघून वळणं काढतो आणि बाजूने बघायचं विसरतो. वायर स्वतःवरून जात असेल तर त्या जागी वरची वायर स्वतःच्या जाडीएवढी उचलली जायला हवी आणि दोन्हीकडे हळूहळू उतरायला हवी. शिवाय जाड वायर दोऱ्यासारखी काटकोनात मुडपत नाही, तिचं वळण मोठं असतं. नव्या वायरीत तर खोक्यात घडी घालून ठेवल्याचे बाकही उरतात. ते एक-दोन बाक ठेवले तर वायर एकदम खरी होते.

टोकाशी पिन. तयार नमुन्यांत चपट्या दोन पात्यांची अमेरिकन पिन किंवा चौकोनी दांड्यांची ब्रिटिश पिन मिळते, आणि भारतीय मिक्सरच्या चित्रात ती तशीच येऊन बसते. आपली पिन तीन गोल दांड्यांची. खालचे दोन दांडे सुमारे ५ मिलिमीटर जाड, १५ मिलिमीटर लांब आणि एकमेकांपासून १९ मिलिमीटरवर. वरचा अर्थिंगचा दांडा सुमारे ७ मिलिमीटर जाड आणि वीस मिलिमीटरहून थोडा लांब. तो लांब असण्याला अर्थ आहे: पिन लावताना अर्थिंग आधी जोडलं जातं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतं. चित्रात तिन्ही दांडे सारखे काढले तर सुरक्षिततेची ही व्यवस्थाच नाहीशी होते.

स्टील दिसतं ते आजूबाजूचं

आकार झाले, आता पृष्ठभाग. सॉफ्टवेअरला दोन मुख्य गोष्टी सांगाव्या लागतात. वस्तू धातू आहे की नाही हे `Metallic` ने, आणि ती किती गुळगुळीत हे `Roughness` ने. स्टीलला `Metallic` १, प्लास्टिकला ०, अधलंमधलं सहसा काही नाही. खडबडीतपणा पॉलिश केलेल्या स्टीलला ०.१५ च्या आसपास, यंत्राच्या प्लास्टिकला ०.३, वायरीला ०.५ च्या वर. हे आकडे सुरुवातीचे, पुढे समोरच्या वस्तूशी ताडून कमी-जास्त करायचे.

एवढं करून नवशिका चित्र काढतो आणि स्टीलचं भांडं काळंठिक्कर निघतं. आकड्यांत चूक नसते. स्टीलला स्वतःचं रूप जवळपास नाही. त्याच्यात आजूबाजूचं दिसतं आणि संगणकात आजूबाजूला काहीच ठेवलेलं नसतं. मग छायाचित्रकाराचीच युक्ती वापरायची. भांड्याच्या एका बाजूला उंच, रुंद, मऊ प्रकाशाचा पांढरा पडदा, दुसऱ्या बाजूला थोडा अरुंद पडदा आणि दोन्हींच्या कडेला काळे पट्टे. पांढऱ्या पडद्यांमुळे भांड्यावर उभे उजळ पट्टे येतात आणि काळ्या पट्ट्यांमुळे भांड्याच्या दोन्ही कडा गडद होतात. गडद कडा नसली तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर भांडं विरघळून जातं. हे पडदे दिव्याइतकेच वस्तूही आहेत. त्यांची कड वाकडी असेल तर स्टीलवरचा उजेडही वाकडा दिसतो.

भांडं घासलेल्या पोताचं असेल तर आणखी एक पायरी आहे. घरातल्या नव्या स्टीलच्या ताटलीचा तळ उजेडात धरला तर मध्यातून दोन्हीकडे पंख्यासारखे दोन उजळ पट्टे पसरलेले दिसतात. तळावरच्या गोल ओरखड्यांमुळे प्रकाश ओरखड्यांना आडवा पसरतो. हे पसरणं संगणकाला वेगळं सांगावं लागतं, ओरखडे कोणत्या दिशेने आहेत त्यासकट. नाहीतर तिथे एक गोल, धुरकट ठिपका येतो आणि धातू प्लास्टिकसारखा दिसतो.

कॅमेराही खोटा असला तरी त्याला अंतर असतं. मोबाइलसारख्या रुंद भिंगाने अर्ध्या मीटरवरून पाहिलं तर वरचं झाकण फुगतं आणि खालचं यंत्र आकसतं. ८५ मिलिमीटरचं भिंग निवडून कॅमेरा दीड-दोन मीटर मागे नेला की प्रमाण सरळ राहतं. यंत्राच्या खालच्या रबरी पायांमुळे तळाशी काही मिलिमीटरची जागा सुटते आणि तिथे दाट सावली पडते. ती सावली असली तरच मिक्सर जमिनीवर ठेवलेला वाटतो.

शेवटचं काम संगणकाचं. तो चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून उलटे किरण सोडतो, ते कुठे आपटतात आणि शेवटी कोणत्या दिव्याला पोचतात ते मोजतो आणि सरासरी काढतो. या हिशेबाचं मूळ समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडलं. किरण कमी असतील तर चित्रात रवाळ दाणे दिसतात. दाणे पुसायला वेगळं साधन असतं, पण ते दाण्यांबरोबर बारीक तपशीलही पुसतं. म्हणून शेवटचं चित्र पूर्ण आकारात उघडून आधी नॉबवरचे आकडे आणि स्टीलचे ओरखडे पाहावेत. ते पाघळलेले असतील तर किरण वाढवायचे. खोक्यावर ३० सेंटिमीटर उंच छापायचं चित्र इंचाला ३०० ठिपके धरून सुमारे ३,५५० ठिपके उंच लागतं. मोबाइलच्या पडद्यावर न दिसणारी चूक तिथे बोटाएवढी होते.

चित्र काय सांगत नाही

संगणकचित्रांच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू योगायोगाने स्वयंपाकघरातलीच आहे. १९७५ साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी घरातली चहाची किटली संगणकात उतरवली आणि पुढे ती जगभरच्या प्रयोगांत वापरली गेली. न्यूवेल यांच्या मूळ किटलीला तळ नव्हता. प्रकाश आणि सावलीचा प्रयोग करायला तळाची गरजच नव्हती. कॅमेऱ्यासमोर जे येत नाही ते न करणं ही या कामातली मान्य बचत आहे. आपल्या मिक्सरच्या आतही मोटर नाही, तळाखाली लाल रिसेट बटण नाही, स्टीलच्या भांड्याला झाकण घातलेलं असेल तर आत पातंही नसेल.

म्हणून ग्राहकाने अशा चित्राकडून नेमकं काय घ्यायचं ते ठरवावं. आकार, भांड्यांची संख्या, पात्यांचा प्रकार, नॉबवरचे वेग, पिनचा प्रकार या गोष्टी चित्रातून कळायला हव्यात आणि वस्तूशी जुळायला हव्यात. जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत असावी हे ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांतही सांगितलेलं आहे. स्टीलची जाडी, मोटरचा आवाज, झाकणाचं घट्ट बसणं हे मात्र चित्रातून कधीच कळत नाही, कारण तिथे स्टीलला जाडी कलाकाराने दिलेली असते आणि झाकण न सांडता बसतं ते कुणी उघडत नाही म्हणून.

आणि चित्र मिक्सरच्या आधी बनतं, त्यामुळे छपाई झाल्यावर कारखान्यात नॉबचा आकार बदलू शकतो किंवा कानाचं प्लास्टिक दुसऱ्या पुरवठादाराकडून येऊ शकतं. खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रत्यक्ष उत्पादन चित्रापेक्षा वेगळे असू शकते’ असं लिहिलेलं असतं ते अशा बदलांसाठी. नॉबची छटा वेगळी निघाली तर ते वाक्य कंपनीच्या कामी येईल. पण चित्रात चार पंखांचं पातं आणि भांड्यात दोनच, किंवा चित्रात तीन भांडी आणि खोक्यात दोन असतील, तर ते वाक्य पुढे करून कुणाला सुटता येऊ नये. दुकानात खोकं उघडून घ्यावं, चित्र शेजारी धरावं आणि भांडी, पाती, नॉब, पिन या क्रमाने ताडून पाहावं. पैसे त्यानंतर द्यावेत.